120 किलोमीटरची ओळ

‘एकदा चार्ज करा, 120 किलोमीटर निर्धास्त.’ 2022च्या दसऱ्याला बाजारात आलेल्या एका विजेच्या स्कूटरसाठी ही ओळ मी लिहिली. वर्तमानपत्रातली अर्ध्या पानाची जाहिरात, कल्याण-ठाण्याच्या रस्त्यांवरचे फलक, शोरूममधलं चार पानी माहितीपत्रक, सगळीकडे तीच होती. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांनी दिलेल्या कागदात खोटं काही नव्हतं. त्या कागदातून काय उचलायचं आणि काय सोडायचं हे मी ठरवलं, आणि तिथेच चुकलो.

मी मूळचा म्हशाचा. मुरबाड तालुक्यातलं आमचं गाव पौष पौर्णिमेच्या यात्रेसाठी आणि बैलबाजारासाठी ओळखलं जातं. जाहिरातीच्या कामासाठी मी मुंबईत आलो आणि वीसेक वर्षांत रंगापासून विम्यापर्यंत पुष्कळ गोष्टींची कॉपी लिहिली. स्कूटरची मात्र ही पहिलीच वेळ. कामाच्या कागदावर ग्राहकाचं वर्णन होतं: वय पंचवीस ते चाळीस, मुंबई-ठाणे-पुण्यासारख्या गर्दीच्या शहरात राहणारा, ऑफिसला रोज गाडीने जाणारा, पेट्रोलला वैतागलेला, दिवसाचा प्रवास पंचवीस किलोमीटर. त्याखाली गाडीची माहिती. बॅटरी 3 युनिटांची, म्हणजे पूर्ण भरल्यावर तीत 3 युनिट वीज मावते. प्रमाणित रेंज 120 किलोमीटर. इको मोडवर शहरात साधारण 95. जोरात चालवली किंवा मागे माणूस बसला तर 75च्या आसपास.

तीन आकडे समोर होते. मी पहिला घेतला. कंपनीच्या चाचणी विभागातल्या एका इंजिनिअरने मसुदा पाहून फोन केला होता. त्याचं म्हणणं साधं होतं: 120 लिहा, पण त्याच्याच शेजारी, त्याच आकारात 75 ते 95 लिहा. मी त्याला समजावलं की दोन आकडे झाले की ओळ मरते, वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच राहतो. त्याने फार वाद घातला नाही. आम्ही खाली कोपऱ्यात एक तारांकित टीप टाकली, ‘चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत’ अशा अर्थाची. ती बारीक टाइपात होती, आणि मराठी जाहिरातीत इंग्रजीत होती.

120 हा आकडा येतो कुठून, हे मी त्या वेळी विचारलंही नव्हतं. नंतर विचारलं. गाडी प्रयोगशाळेत रुळांवर चढवतात आणि ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ नावाच्या ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे पळवतात. हे वेळापत्रक 108 सेकंदांचं असतं. थांबायचं, वेग घ्यायचा, थोडा वेळ एकसारखं चालायचं, पुन्हा थांबायचं. त्यात गाठायचा सर्वांत जास्त वेग ताशी 42 किलोमीटर, आणि थांबण्यासकट सरासरी ताशी 22च्या आसपास. बॅटरी दमेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा चालतं आणि जितके किलोमीटर भरतात तितकी प्रमाणित रेंज. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था हे प्रमाणपत्र देतात. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जातात, त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा चांगलाच उपयोगी आहे. पण या चाचणीत मागे बायको बसलेली नसते, पुढे डबा आणि बॅग नसते, समोरून वारा नसतो आणि गाडी कधी बेचाळीसच्या वर जात नाही. हा आकडा तुलनेसाठी होता. मी त्याच्यापुढे ‘निर्धास्त’ लिहून त्याचं आश्वासन केलं.

आमच्या म्हशातल्या धाकट्या मावसभावाने ही गाडी घेतली. कल्याणच्या फलकावर जाहिरात पाहिली, शोरूममध्ये माहितीपत्रक घेतलं, आणि ते मी लिहिलं आहे हे कळल्यावर त्याने फार चौकशी केली नाही. तो ठाण्याला एका खासगी कंपनीत हिशेब लिहितो. मुरबाडला रेल्वे नाही. आमच्याकडच्या चाकरमान्याला आधी रस्त्याने कल्याण गाठावं लागतं आणि मग लोकल. म्हशाहून मुरबाड, पुढे मामणोली, गोवेली, रायत्याचा पूल, कांबा, वरप, म्हारळ आणि कल्याण. जायचे चाळीसेक किलोमीटर, यायचे तितकेच. आधी तो पेट्रोलच्या गाडीने जायचा. ऐंशी किलोमीटरचा रोजचा प्रवास आणि 120ची गाडी, म्हणजे चाळीस किलोमीटर हाताशी शिल्लक, असा त्याचा सरळ हिशेब होता. माझी जाहिरात वाचून कोणीही हाच हिशेब केला असता.

पहिल्याच आठवड्यात त्याचा रात्री फोन आला. तो मुरबाडच्या नाक्यावर एका ओळखीच्या दुकानात गाडी चार्जिंगला लावून बसला होता. ‘दादा, ते 120 तूच लिहिलंस ना? सकाळी शंभर टक्के करून निघालो, कल्याणला सत्तेचाळीस. आता मुरबाडात सात टक्के आहेत नि गाडी पळतच नाही.’ मी त्याला विचारलं की वेग किती ठेवतोस. तो म्हणाला, ‘साठ. त्याच्याखाली गेलो तर सातची गाडी कशी मिळणार?’

त्याचे हे तीन आकडेच मला पुढे सगळं शिकवून गेले. चाळीस किलोमीटरला त्रेपन्न टक्के बॅटरी गेली, म्हणजे 3 युनिटांतली सुमारे 1.6 युनिट. भागाकार केला की किलोमीटरला 0.04 युनिट होतात. त्या हिशेबाने भरलेली बॅटरी पंच्याहत्तर किलोमीटरला रिकामी होणार. प्रमाणित आकड्यात हाच खर्च किलोमीटरला 0.025 युनिट धरलेला आहे. मधला फरक कुठे जातो? मुख्यतः वाऱ्यात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. 42 वरून 60वर गेलं की वेग दीडपटही वाढत नाही, पण हवेचा विरोध दुप्पट होतो. कल्याण-मुरबाड रस्ता बऱ्यापैकी मोकळा असतो, आणि मोकळा रस्ता म्हणजेच सतत साठचा वेग. त्यात बॅटरी दहा टक्क्यांच्या खाली गेली की स्वतःला वाचवण्यासाठी गाडी ताकद कमी करते. म्हणून मुरबाडला सात टक्के उरलेले असताना ती पळत नव्हती. गाडी बिघडलेली नव्हती. तिच्याबद्दल लिहिलेलं अपुरं होतं.

इथे एक गोष्ट न लपवता सांगायला हवी. हीच गाडी दादर-परळच्या कोंडीत चालवली तर प्रमाणित आकड्याच्या बऱ्याच जवळ जाते. तिथे वेगच मिळत नाही, आणि ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत येते. म्हणून सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की जाहिरात शहरातल्या माणसासाठी होती, म्हशाच्या माणसाने ती स्वतःला लावून घेतली, यात माझा काय दोष. ही समजूत टिकली नाही. मुंबईच्या ऑफिसात दहाला हजर होणारा माणूस राहतो कुठे? बदलापूर, टिटवाळा, आसनगाव, शहापूर, मुरबाड. घर ते स्टेशन हा त्याचा प्रवास शहराच्या बाहेरचा, मोकळ्या रस्त्याचा असतो. कामाच्या कागदावरचा पंचवीस किलोमीटरवाला ग्राहक मी ओळखत नव्हतो. ऐंशी किलोमीटरवाला माझ्या घरातच होता. मी म्हशात वाढलो, कल्याणच्या एसटीसाठी तासन्तास उभा राहिलो, आणि लिहिताना मला तो रस्ता आठवला नाही. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

तारांकित टिपेचं तर मला आजही समर्थन करता येत नाही. 9 जून 2022ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं लागू केली होती. म्हणजे आमची जाहिरात येण्याच्या चार महिने आधी. त्यांत स्पष्ट आहे की खुलाशाची टीप दाव्याच्याच भाषेत असावी, ठळकपणे दिसावी, महत्त्वाची माहिती लपवण्यासाठी ती वापरू नये, आणि फसव्या दाव्याची दुरुस्ती टिपेतून करता येत नाही. आमची टीप यांतल्या प्रत्येक कसोटीवर नापास होती. मी ती तत्त्वं मावसभावाच्या फोननंतर पहिल्यांदा नीट वाचली. जाहिरात लिहिणाऱ्याने ती आधी वाचायची असतात, वकिलाने तपासून द्यायची म्हणून थांबायचं नसतं.

दुसरी चूक पैशांच्या आकड्याची. माहितीपत्रकाच्या दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात होतं: ‘14 पैशांत एक किलोमीटर.’ हा आकडा मीच काढला होता. 3 युनिट वीज, महावितरणचा घरगुती पहिल्या टप्प्याचा दर तेव्हा सगळे आकार धरून युनिटला साडेपाच रुपयांच्या आसपास, म्हणजे साडेसोळा रुपये. भागिले 120. गणित बरोबर, पण त्यात तीन सोयीच्या गोष्टी एकावर एक रचलेल्या होत्या. रेंज चाचणीतली धरली. भिंतीतून घेतलेली सगळी वीज बॅटरीत जात नाही, थोडी चार्जरमध्ये उष्णता होऊन वाया जाते. ती सोडून दिली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे दराचा टप्पा. महावितरणचा स्वस्त दर महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटांना असतो. 101पासून पुढचा टप्पा लागतो, आणि तेव्हा तो दहा रुपयांच्या घरात जात होता.

मावसभावाचं घर घ्या. पंखे, टीव्ही, फ्रिज मिळून महिन्याला नव्वद युनिट. स्कूटरला रोज ऐंशी किलोमीटरसाठी चार्जरमधली गळती धरून साधारण चार युनिट, पंचवीस दिवसांचे शंभर. त्यांतले फक्त दहा युनिट स्वस्त टप्प्यात बसले, उरलेले नव्वद महागात. बिल साडेनऊशे रुपयांनी वाढलं. दोन हजार किलोमीटरला साडेनऊशे, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ 48 पैसे. मी लिहिलेल्या आकड्याच्या सुमारे साडेतीन पट. त्याच्या बायकोने बिल हातात धरून विचारलं की हे 14 पैसे कुठे आहेत, आणि त्याच्याजवळ उत्तर नव्हतं.

आणि तरीही गाडी स्वस्तच होती. पेट्रोल तेव्हा 106 रुपये लिटर होतं. त्याची जुनी गाडी लिटरला पंचेचाळीस द्यायची, म्हणजे किलोमीटरला 2 रुपये 35 पैसे, महिन्याला 4,700. आता साडेनऊशे. साडेतीन हजारांहून जास्त रुपये दरमहा वाचत होते. हे खरं वाक्य माझ्या हाताशी होतं. पगारदार घराला ‘महिन्याला साडेतीन हजार वाचतात’ हे ‘14 पैशां’पेक्षा कितीतरी लवकर कळतं. खऱ्या आकड्यात एवढी ताकद असताना मी खोट्याला जवळचा आकडा घेतला, कारण तो लहान होता आणि पानावर छान दिसत होता.

तिसरी चूक मला बुकिंगचे फोन घेणाऱ्या मुलींच्या वह्यांमधून कळली. मी त्या मागवून घेतल्या, कारण आता कामाच्या कागदावर माझा विश्वास राहिला नव्हता. लोक रेंजबद्दल विचारत होतेच, पण डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण पूर्व इथल्या माणसांचा पहिला प्रश्न वेगळा होता: ‘गाडी खाली, प्लग तिसऱ्या मजल्यावर. मग कसं करायचं?’ मी लिहिलं होतं, ‘घरच्या साध्या प्लगवर चार्ज होते.’ ते खरं होतं. पण जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत पार्किंगला प्लगच नसतो. या गाडीची बॅटरी काढून वर नेता येत नव्हती. ज्या गाड्यांची बॅटरी काढता येते त्यांच्या बॅटरीचं वजनही दहा-बारा किलो असतं आणि रोज तीन मजले चढवणं सोपं नाही. मग सोसायटीच्या कमिटीकडे अर्ज, आपल्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर, किंवा कॉमन लाइनवर वेगळा सबमीटर, पंधरा अँपिअरचा सॉकेट, पावसाचं पाणी लागू नये म्हणून झाकणाची पेटी. हे सगळं होतं, लोक करून घेतात, पण त्याला दीड-दोन महिने जाऊ शकतात. गाडी आधी आणि प्लग नंतर असा क्रम झाला की ती नुसती उभी राहते. गर्दीच्या शहरातल्या ऑफिसवाल्यासाठी खरी अडचण ही होती, आणि माझ्या चार पानांत तिच्यावर एक ओळ नव्हती.

2023च्या गुढीपाडव्यासाठी माहितीपत्रक पुन्हा छापायचं होतं. त्याआधीच्या पौषात मी यात्रेला गावी गेलो होतो. म्हशाच्या बाजारात बैल घेणारा माणूस दात बघतो, पण तेवढ्यावर पैसे मोजत नाही. जोडी जुंपून, ओझ्यासकट चालवून बघतो. मी मावसभावाच्या गाडीवर मागे बसून म्हसा ते कल्याण गेलो, त्याच्या नेहमीच्या वेळी, त्याच्या नेहमीच्या वेगाने. वजन दोघांचं, त्यामुळे रायत्याच्या पुलावरच तीसच्या वर किलोमीटरना निम्म्याहून कमी बॅटरी उरली होती. कल्याणला चार्ज करून परत येताना त्याने वेग पंचेचाळीसला बांधून ठेवला आणि फरक काट्यावर उघड दिसला. तिथून परतल्यावर मी जे लिहिलं ते असं:

‘चाचणीत 120 किलोमीटर. शहराच्या गर्दीत एकट्याने सुमारे 95. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने, किंवा दोघे असाल तर 75. तुमचा रोजचा जाण्यायेण्याचा प्रवास साठ किलोमीटरच्या आत असेल तर रात्री एकदा चार्ज करणं पुरेल. त्याहून जास्त असेल तर ऑफिसला किंवा स्टेशनजवळ चार्जिंगची सोय आहे का ते आधी बघा. पार्किंगमध्ये प्लग नसेल तर बुकिंगआधी सोसायटीशी बोला. अर्जाचा नमुना आमच्याकडे मिळेल.’

सगळे आकडे एकाच आकाराच्या टाइपात, सगळं मराठीत, आणि खाली तारा नाही. साठची मर्यादा मी मुद्दाम पंच्याहत्तरच्या बरीच खाली ठेवली. शेवटच्या दहा-पंधरा टक्क्यांवर रोज घरी यायचा बेत करू नये, आणि बॅटरी दर वर्षी थोडी झिजते. पहिल्या दिवशी जेमतेम पुरणारी रेंज तिसऱ्या वर्षी पुरत नाही. इंजिनिअरला मसुदा पाठवला आणि त्याची माफी मागितली. त्याने फक्त एक दुरुस्ती सुचवली, ‘सुमारे’ हा शब्द 75च्या आधीही घाला, आणि मी तो घातला.

कंपनीने माहितीपत्रक हेच छापलं. फलकावर मात्र 120च राहिला, शेजारी 75 ते 95 थोड्या लहान अक्षरात आला. मला पूर्ण हवं होतं, अर्धंच झालं. मावसभावाने गाडी विकली नाही. कल्याणात स्टेशनजवळच्या एका गॅरेजवाल्याशी महिन्याचं ठरवून तो दिवसभर गाडी तिथे चार्जिंगला लावतो, आणि संध्याकाळी शंभर टक्के घेऊन निघतो. त्याचे गॅरेजवाल्याला महिन्याला थोडे पैसे द्यावे लागतात, तरी पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं.

विजेची स्कूटर घ्यायचा विचार असेल तर जाहिरातीतला मोठा आकडा बाजूला ठेवा. शोरूममध्ये एवढंच विचारा: साठच्या वेगाने, मागे माणूस घेऊन किती जाते, आणि ते लेखी द्याल का? मग टेस्ट राइडला गाडी शोरूमच्या गल्लीत न फिरवता तुमच्या ऑफिसच्या रस्त्याने, तुमच्या वेळेला, दहा किलोमीटर चालवा आणि किती टक्के उतरले ते बघा. दहा किलोमीटरला तेरा टक्के उतरले तर तुमची रेंज पंच्याहत्तरच्या आसपास आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.